हातचा कुठे ठेवायचा?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे एक प्रकरण आहे. त्यात प्रश्न असा आहे : शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशा दहा वस्तू आहेत. त्या हातांमध्ये हव्या तशा अदलाबदल केल्या, तर शंकराच्या मूर्तीचे किती वेगवेगळे प्रकार होतील? लगेच पुढे विष्णूचा प्रश्न येतो; त्याच्याकडे चार हात आणि गदा, चक्र, कमळ, शंख या चारच वस्तू. विष्णूचे उत्तर २४. शंकराचे ३६,२८,८००. ‘लीलावती’ इ.स. ११५० ची, म्हणजे हे उत्तर पावणेनऊशे वर्षांपूर्वीचे आहे आणि ते अगदी शेवटच्या एककापर्यंत बरोबर आहे.

रीत सोपी आहे. पहिल्या हातात दहांपैकी कोणतीही वस्तू येऊ शकते, दुसऱ्या हातासाठी नऊ उरतात, तिसऱ्यासाठी आठ. हे सगळे एकमेकांशी गुणायचे : १० × ९ × ८ असे करत १ पर्यंत. या गुणाकाराला क्रमगुणित म्हणतात, इंग्रजी शाळांतली मुले फॅक्टोरियल म्हणतात, आणि तो १०! असा उद्गारचिन्हाने लिहितात. हे चिन्ह ख्रिश्चन क्रांप या गणितज्ञाने १८०८ मध्ये वापरात आणले.

क्रमगुणिते फार झपाट्याने वाढतात. ५! म्हणजे १२०, दहाचे छत्तीस लाखांच्या वर, वीसचे १९ अंकी. पत्त्यांच्या ५२ पानांच्या जोडातली पाने जितक्या क्रमांनी लावता येतील ती संख्या ५२!, ती ६८ अंकी आहे. १००! मध्ये १५८ अंक आहेत. हा लेख त्या १५८ अंकांबद्दल आहे : ते सगळेच्या सगळे, एकही न चुकता, संगणकाकडून कसे काढून घ्यायचे. यात अडचण ती काय, असे वाटू शकते. संगणक गुणाकारातच तर पटाईत. पण प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी याच ठिकाणी अडखळतो.

सी भाषेत साधा प्रोग्रॅम लिहिला, संख्या `int` या प्रकारात ठेवली आणि एकामागून एक क्रमगुणिते छापली, तर पडद्यावर असे दिसते :

```
12! = 479001600
13! = 1932053504
14! = 1278945280
15! = 2004310016
16! = 2004189184
17! = -288522240
```

सतराव्या ओळीतले उणे चिन्ह पाहून कोणीही दचकेल. धोका मात्र तेराव्या ओळीपासूनच सुरू झालेला आहे आणि ती ओळ दिसायला निरुपद्रवी आहे. संख्या धन आहे, आधीच्यापेक्षा मोठी आहे, कुठेही तक्रार नाही. तरी ती चूक आहे हे कागद न घेताही सांगता येते. १ ते १३ मध्ये ५ आहे आणि १० आहे. सम संख्या तर भरपूर. त्यामुळे १३! च्या शेवटी दोन शून्ये आलीच पाहिजेत, आणि इथे शेवटी ५०४ आहे. खरे उत्तर ६२२७०२०८०० आहे.

असे का होते? नेहमीच्या संगणकांवर `int` ला ३२ बिटांची जागा मिळते आणि तिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ असते. जुन्या गाडीचा पाच आकडी किलोमीटर-मीटर ९९९९९ नंतर ००००० वर येतो, तसा हा साठा भरला की पुन्हा खालून सुरू होतो. हे चक्र ४२९४९६७२९६ चे आहे. ६२२७०२०८०० मधून ४२९४९६७२९६ वजा करा. १९३२०५३५०४ उरतात, म्हणजे बरोबर तेराव्या ओळीतला आकडा. हाच प्रोग्रॅम पुढे चालू ठेवला तर ३४! चे उत्तर चक्क शून्य येते, कारण १ ते ३४ च्या गुणाकारात २ हा अवयव बत्तीस वेळा येतो आणि ३२ बिटांच्या त्या चक्राने पूर्ण भाग जातो.

६४ बिटांची जागा घेतली तर गाडी २०! पर्यंत जाते आणि २१! ला हाच प्रकार घडतो. दशांश अपूर्णांकांसाठी असलेला `double` हा प्रकार वापरला तर १७०! पर्यंत काहीतरी उत्तर येते खरे, पण तो फक्त पहिले पंधरा-सोळा अंक सांभाळतो. १००! त्यातून पूर्ण छापून पाहिले तर १५८ अंक दिसतात, सुरुवातीचे बरोबर असतात आणि पुढचे सगळे भरताड. शेवटी जी २४ शून्ये हवीत ती नसतात. अंदाज हवा असेल तर `double` उत्तम आहे. आपल्याला अंदाज नको आहे.

मग उपाय काय? तिसरीच्या वर्गात फळ्यावर होतो तोच गुणाकार करायचा. संपूर्ण संख्या एका जागेत कोंबण्याचा हट्ट सोडायचा, तिचे अंक सुटे करायचे आणि एकेक अंक एकेका कप्प्यात ठेवायचा. अशा ओळीने लावलेल्या कप्प्यांना प्रोग्रॅमिंगमध्ये अ‍ॅरे म्हणतात. कप्पे पाहिजे तितके घेता येतात. दोनशे घ्या, दहा हजार घ्या. प्रत्येक कप्प्यात ० ते ९ एवढेच मावायचे आहे, त्यामुळे जागा भरून वाहण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त कप्प्यांचा क्रम आपण लिहितो त्याच्या उलट लावतात : पहिल्या कप्प्यात एकक, दुसऱ्यात दशक, तिसऱ्यात शतक. कारण गुणाकार करताना संख्या डावीकडे वाढते. उलट क्रम असला की नवे अंक शेवटच्या रिकाम्या कप्प्यात सरळ लिहिता येतात. सुलट क्रम ठेवला असता तर दरवेळी सगळे अंक सरकवून पुढे जागा करावी लागली असती.

ज्या ठिकाणी साधा प्रोग्रॅम फसला तोच गुणाकार आता कप्प्यांत करून पाहू. १२! म्हणजे ४७९००१६००. उलट क्रमाने कप्प्यांत ०, ०, ६, १, ०, ०, ९, ७, ४ आहेत. याला १३ ने गुणायचे आहे. वहीत आपण आधी ३ ने आणि मग १ ने गुणून बेरीज केली असती. इथे तसे करायचे नाही. १३ चा पाढा येतो असे समजायचे आणि प्रत्येक अंकाला एकदम १३ ने गुणायचे.

पहिले दोन कप्पे शून्याचे. तिथे ० आणि हातचाही ०. तिसऱ्यात ६ आहे : तेरा सक ७८, आठ लिहिले, हातचे ७. चौथ्यात १ : तेरा आणि हातचे ७ मिळून २०, शून्य लिहिले, हातचे २. पाचव्यात ० होते : गुणाकार शून्य, त्यात हातचे २, म्हणून २ लिहिले आणि हातचा संपला. सहाव्यात ० ला काही घडत नाही. सातव्यात ९ : तेरा नव्वे ११७, सात लिहिले आणि हातचे ११. इथे क्षणभर थांबायला हवे, कारण शाळेत हातचा कधी दोन अंकी होत नाही. इथे होतो आणि त्यात काही चूक नाही. तो तसाच पुढे न्यायचा. आठव्यात ७ : तेरा साते ९१, त्यात ११ मिळवून १०२, दोन लिहिले, हातचे १०. नवव्यात ४ : ५२ आणि १० मिळून ६२, दोन लिहिले, हातचे ६. कप्पे संपले, हातचा उरला. दहावा कप्पा उघडून त्यात ६ लिहायचे. आता कप्प्यांत ०, ०, ८, ०, २, ०, ७, २, २, ६ आहेत. शेवटाकडून वाचा : ६२२७०२०८००.

संपूर्ण रीत एवढीच आहे. सुरुवातीला पहिल्या कप्प्यात १ ठेवायचा आणि कप्प्यांतल्या संख्येला आधी २ ने, मग ३ ने, असे शंभरपर्यंत गुणत जायचे. ती सोपी राहते याचे कारण क्रमगुणिताच्या रचनेत आहे : दर वेळी एक बाजू अवाढव्य असली तरी दुसरी बाजू लहानशी, शंभराच्या आतली असते. दोन अवाढव्य संख्यांचा गुणाकार कधीच करावा लागत नाही. सी भाषेत हे असे लिहितात :

```c
int d[200], len = 1;
d[0] = 1;
for (int k = 2; k <= 100; k++) {
    int carry = 0;
    for (int i = 0; i < len; i++) {
        int x = d[i] * k + carry;
        d[i] = x % 10;
        carry = x / 10;
    }
    while (carry > 0) {
        d[len++] = carry % 10;
        carry /= 10;
    }
}
for (int i = len - 1; i >= 0; i--)
    printf("%d", d[i]);
```

`d` म्हणजे कप्पे, `len` म्हणजे त्यांतले वापरात असलेले किती, आणि `carry` म्हणजे हातचा. `x % 10` ही दहाने भागल्यावरची बाकी, तीच कप्प्यात लिहायची; `x / 10` हा भागाकार, तोच पुढे न्यायचा. हा प्रोग्रॅम डोळ्याचे पाते लवायच्या आत हे छापतो (इथे रुंदीसाठी ओळी तोडल्या आहेत) :

```
93326215443944152681699238856266700490715968264381
62146859296389521759999322991560894146397615651828
62536979208272237582511852109168640000000000000000
00000000
```

हातचा ११ झाला तेव्हा मनात एक शंका यायला हवी. असाच वाढत वाढत हातचा बेसुमार मोठा झाला तर? मग अंकांऐवजी हातच्यानेच जागा भरून वाहील. तसे कधीच होत नाही, आणि ते का होत नाही हे दोन ओळींत कळते. समजा k ने गुणायचे आहे आणि आत्तापर्यंतचा हातचा k पेक्षा एकने तरी कमी आहे. कप्प्यातला अंक जास्तीत जास्त ९. तेव्हा गुणाकार आणि हातचा मिळून जास्तीत जास्त ९k + k − १, म्हणजे १०k − १. याला दहाने भागले की भागाकार पुन्हा k − १ च्या वर जात नाही. सुरुवातीचा हातचा शून्य असतो, म्हणून ही मर्यादा शेवटपर्यंत टिकते. १३ ने गुणताना हातचा १२ च्या वर जाणार नाही, शंभराने गुणताना ९९ च्या वर नाही. मला या रीतीतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो : संख्या दीडशे अंकी होवो की अडीच हजार अंकी, हातात धरायचे ओझे गुणकापेक्षा कधीच मोठे होत नाही.

मात्र शेवटचा कप्पा संपल्यावर उरलेल्या हातच्याचे काय करायचे, याकडे नीट पाहायला हवे. वरच्या प्रोग्रॅममध्ये तिथे `while` आहे : हातचा संपेपर्यंत त्याचे अंक सुटे करून एकेका नव्या कप्प्यात ठेवा. नवशिके तिथे हमखास `if` लिहितात :

```c
if (carry > 0) d[len++] = carry;
```

हातचा उरला तर तो नव्या कप्प्यात टाका, असा याचा अर्थ. १४! पर्यंत यात काहीच वावगे नाही, कारण शेवटचा हातचा तोवर एकअंकीच असतो. १४! म्हणजे ८७१७८२९१२००. याला १५ ने गुणताना शेवटच्या कप्प्यातल्या ८ चे, हातचा धरून, १३० होतात. शून्य लिहिले, हातचे १३. हे १३ एकाच कप्प्यात जाऊन बसतात. आता गंमत पाहा. छापताना तो कप्पा ‘13’ असाच छापला जातो आणि पुढचे अंक त्याला जोडून येतात : 1307674368000. उत्तर बरोबर! नियम मोडला आहे, पण पडद्यावर त्याची खूण नाही. पुढच्या खेपेला हे १३ सोळाने गुणले जातात, एक अंक मागे राहतो आणि नव्या कप्प्यात २० जातात. तेही बरोबरच छापले जाते. १९! पर्यंत शेवटच्या कप्प्यात १२१ झालेले असतात आणि २५! ला १५५११. दर खेपेला एकच नवा कप्पा उघडतो, पण संख्या मात्र एकाहून अधिक अंकांनी वाढत असते; सगळा भार शेवटच्या कप्प्यावर साचत जातो.

३३! ला त्या एकट्या कप्प्यात ८६८३३१७६ असतात आणि छापलेले उत्तर अजूनही बरोबर असते. मग ३४ ने गुणायची वेळ येते. गुणाकार २९५ कोटींच्या वर जातो, `int` ची मर्यादा पावणेदोनशे नव्हे तर जेमतेम २१४ कोटींची, आणि ज्या अडचणीतून सुटण्यासाठी कप्पे केले तीच अडचण शेवटच्या कप्प्यात परत उभी राहते. नेहमीच्या संगणकावर असे दिसते :

```
-639604140847618609643520000000
```

खऱ्या ३४! मध्ये ३९ अंक आहेत. इथे मागचे २९ अंक अगदी बरोबर आहेत आणि पुढचा भाग नाहीसा झाला आहे. ज्याने प्रोग्रॅम ५!, १०!, २०! वर तपासून ‘झाले’ म्हटले, त्याला हा दोष सापडत नाही. म्हणून असा प्रोग्रॅम शिकवणाऱ्याने तपासणीसाठी ५०! द्यावे, छोट्या संख्या इथे काहीच सिद्ध करत नाहीत.

एका कप्प्यात एकच अंक ठेवणे म्हणजे जागेची उधळपट्टी, हेही लवकरच लक्षात येते. ज्या कप्प्यात दोनशे कोटी मावतात त्यात आपण फक्त ९ पर्यंत ठेवतो. म्हणून जाणती माणसे एका कप्प्यात चार अंक ठेवतात : दहाच्या जागी दहा हजार, म्हणजे `% 10000` आणि `/ 10000`. बाकी रीत जशीच्या तशी. हातच्याची मर्यादाही तीच राहते, k − १. कारण वरच्या हिशेबात ९ च्या जागी ९९९९ घातले तरी तो तसाच जुळतो. फेऱ्या एक चतुर्थांश होतात. अंक आणखी वाढवता येतात, पण तिथे गुणाकाराची जागा पाहावी लागते. एका कप्प्यात नऊ अंक ठेवले तर `int` मधला गुणाकार ३ ने गुणतानाच मर्यादा ओलांडू शकतो. त्यासाठी `x` आणि हातचा ६४ बिटांचे घ्यावे लागतात.

चार अंकांच्या कप्प्यात एक नवा दोष दबा धरून बसलेला असतो. ८! म्हणजे ४०३२०. चार-चार अंक पाडले तर पहिल्या कप्प्यात ०३२० आणि दुसऱ्यात ४. पण कप्प्यात ‘०३२०’ अशी वस्तू नसते, तिथे ३२० ही संख्या असते. ती जशीच्या तशी छापली की पडद्यावर 4320 येते. एक शून्य गळाले आणि उत्तर जवळजवळ एक दशांशावर आले. त्यामुळे सर्वांत वरचा कप्पा सोडून बाकी सगळे `%04d` असे छापायचे, म्हणजे कमी पडणाऱ्या जागी पुढे शून्ये भरली जातात.

मग दीडशे अंकी उत्तर खरे आहे हे ओळखायचे कसे? पहिली खूण शेवटच्या शून्यांची. प्रत्येक शून्याला एक ५ आणि एक २ लागतो. २ मुबलक असतात, म्हणून फक्त ५ मोजायचे. १ ते १०० मध्ये पाचाच्या पटीतल्या संख्या २०, आणि २५, ५०, ७५, १०० या चौघींत ५ आणखी एकेकदा. एकूण २४. वरच्या उत्तराच्या शेवटी बरोबर चोवीस शून्ये आहेत. दुसरी खूण अंकांच्या बेरजेची : ६! पासून पुढे प्रत्येक क्रमगुणिताला ९ ने भाग जातो, म्हणून अंकांची बेरीजही नवाच्या पटीत हवी. १००! च्या अंकांची बेरीज ६४८ येते, म्हणजे नऊ गुणिले बहात्तर. पण या खुणेवर फार विसंबू नये. ४०३२० आणि ४३२० या दोघांच्याही अंकांची बेरीज ९ च आहे. गळालेले शून्य तिला दिसत नाही.

त्याहून भक्कम कसोटी अठराव्या शतकातली आहे. एडवर्ड वेअरिंग यांनी १७७० मध्ये जॉन विल्सन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी लाग्रांज यांनी तो सिद्ध केला : p ही मूळ संख्या असेल तर तिच्या आधीच्या संख्येच्या क्रमगुणिताला p ने भागल्यावर बाकी नेहमी p − १ उरते. शंकराच्या दहा हातांवरच ताडून पाहू. ११ मूळ संख्या आहे, म्हणून १०! ला ११ ने भागून १० उरायला हवेत. अकराची बाकी काढायला उजवीकडून अंकांची आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करतात. ३६२८८०० चे अंक उजवीकडून : ० − ० + ८ − ८ + २ − ६ + ३, उत्तर उणे १. उणे १ म्हणजे अकराच्या हिशेबात १०. भास्कराचार्यांचा आकडा या कसोटीला उतरतो.

शंभरासाठी तर ही कसोटी जणू बेतूनच केली आहे, कारण १०१ मूळ संख्या आहे. कप्पे वरून खाली वाचत जायचे आणि दर वेळी `r = (r * 10 + d[i]) % 101` करायचे. शेवटी `r` मध्ये १०० उरले पाहिजेत. एक अंक जरी चुकला, तरी ते उरणार नाहीत. जिथे पुढची संख्या मूळ नसते तिथे थोडे वेगळे करावे लागते. उदाहरणार्थ १००० च्या पुढची १००१ ही ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार आहे. तिथे १००९ ही मूळ संख्या घ्यावी, मुख्य गुणाकाराबरोबर एक छोटी बाकी स्वतंत्रपणे `r = r * k % 1009` अशी चालवत राहावी, आणि शेवटी कप्प्यांवरून काढलेल्या बाकीशी ती जुळते का ते पाहावे. छोटी बाकी कधीच मोठी होत नाही, म्हणून तिच्यात हातच्याचा दोष शिरूच शकत नाही. आठाचे उदाहरण पुन्हा घ्या : ११ ने भागता छोट्या बाकीचा हिशेब ५ सांगतो. ४०३२० ची बाकी ५ येते, ४३२० ची ८. नवाला न दिसलेले शून्य अकराने पकडले.

कप्पे किती घ्यायचे हेही आधी ठरवता येते. १ ते n च्या दहा पायाच्या लॉगरिदमची बेरीज करायची, दशांश भाग सोडायचा आणि एक मिळवायचा. शंभरासाठी बेरीज १५७.९७ येते, म्हणून अंक १५८. हजारासाठी २५६७.६०, म्हणून २५६८. हे आधी करणे सी भाषेत विशेष गरजेचे आहे, कारण दोनशे कप्पे घेऊन दोनशेएकाव्यात लिहायला गेले तर सी सहसा अडवत नाही. शेजारच्या दुसऱ्याच कुठल्यातरी माहितीवर तो अंक जाऊन पडतो आणि बिघाड भलतीकडे दिसतो.

अमेरिकेत येल विद्यापीठातले होरेस अूलर यांनी १९४४ मध्ये पहिल्या २०० क्रमगुणितांची अचूक मूल्ये पुस्तकरूपाने काढली. २००! मध्ये ३७५ अंक आहेत. वरचा प्रोग्रॅम आज ते क्षणात करतो आणि १०००! ही. एक अंकी कप्प्यांनी हजाराला सुमारे बारा लाख छोटे गुणाकार लागतात, संगणकाला ते काहीच नाही. दहा हजाराला मात्र दहा पट लागत नाहीत, सतरा कोटींच्या आसपास लागतात. गुणण्याच्या खेपा दहा पट होतात आणि प्रत्येक खेपेतली संख्याही दहा पटीहून लांब होते. चार अंकी कप्प्यांनी काम चौथाईवर येते, पण वाढीची चाल तीच राहते. काही लाखांच्या पुढे गेल्यावर ही रीत सोडावीच लागते. तिथे १ ते n चे दोन भाग करतात, दोन्हींचे गुणाकार वेगळे काढतात आणि शेवटी दोन जवळजवळ सारख्या लांबीच्या संख्या एकमेकींशी गुणतात. त्या गुणाकारासाठी १९६० मध्ये अनातोली करात्सुबा यांनी शोधलेली, शाळेतल्या रीतीपेक्षा कमी गुणाकार लागणारी युक्ती कामी येते.

पायथॉन भाषेत यातले काहीच लिहावे लागत नाही, `math.factorial(1000)` म्हटले की झाले. आतमध्ये मात्र कप्पेच आहेत. फक्त ते दहाचे किंवा दहा हजाराचे नाहीत, सहसा दोनाच्या तिसाव्या घाताचे असतात, कारण यंत्राला तो आकडा सोयीचा. त्याची किंमत छापताना मोजावी लागते : दोनाच्या पायावरची संख्या दहाच्या पायावर आणणे हे स्वतःच मोठे काम असते. इतके, की पायथॉनच्या ३.११ आवृत्तीपासून ४३०० अंकांपेक्षा मोठी पूर्णांक संख्या छापायला सांगितली तर तो नकार देतो. `print(math.factorial(1000))` चालते, तिथे २५६८ च अंक आहेत. `print(math.factorial(10000))` ला `ValueError` येतो, कारण अंक ३५६६० आहेत. ती मर्यादा `sys.set_int_max_str_digits(0)` ने उठवता येते. आपल्या दहा हजारांच्या कप्प्यांना असे रूपांतर मुळात लागतच नाही. त्यांतले अंक आधीच दशमान आहेत, वरच्या कप्प्यापासून खाली नुसते वाचत जायचे.